ठिबकच्या पाण्यात फॉस्फेटचं कोणतं रूप किती? सामूवरून हिशोब करण्याची पद्धत

रावेर-यावल पट्ट्यात केळीच्या ठिबकमधून १२:६१:०० सोडल्यावर ड्रिपरच्या तोंडाशी पांढरट, खरखरीत थर बसतो, हे बऱ्याच जणांनी पाहिलंय. बोअरचं पाणी जड असतं, म्हणून दोष कॅल्शियमला दिला जातो. तो खरा आहे, पण अर्धाच. त्याच पाण्यात, त्याच कॅल्शियमसोबत, तेच खत एका शेतात बिनतक्रार जातं आणि शेजारच्या शेतात लॅटरल तुंबतात. फरक असतो तो पाण्याच्या सामूचा. सामू बदलला की फॉस्फेटची रूपं आपसात वाटा बदलतात, आणि कॅल्शियमला धरून खाली बसणारं रूप त्यातलं एकच आहे. त्याचा वाटा किती, हे कागदावर दहा मिनिटांत काढता येतं. कसं काढायचं, ते इथे एका पाण्याचं उदाहरण घेऊन सविस्तर पाहू.

तीन पायऱ्या, चार रूपं

फॉस्फरिक आम्लाला सोडण्याजोगे तीन हायड्रोजन असतात आणि ते एकेक करून सुटतात. त्यामुळे पाण्यात एकूण चार रूपं संभवतात: H3PO4, H2PO4⁻, HPO4²⁻ आणि PO4³⁻. प्रत्येक सुटण्याला स्वतःचा विचरण स्थिरांक आहे. २५ अंश सेल्सिअसला, अतिशय सौम्य द्रावणासाठी, त्यांची लॉगरिथमी मूल्यं अशी:

```
pK1 = 2.15     H3PO4  <-> H2PO4-
pK2 = 7.20     H2PO4- <-> HPO4(2-)
pK3 = 12.35    HPO4(2-) <-> PO4(3-)
```

पुस्तकागणिक दुसऱ्या दशांशात थोडा फरक दिसेल, विशेषतः pK3 मध्ये. शेताच्या पाण्यासाठी त्याने काही बिघडत नाही.

या आकड्यांचा अर्थ सोपा आहे. सामू बरोबर ७.२० असेल तर H2PO4⁻ आणि HPO4²⁻ समसमान असतात. सामू त्यापेक्षा एकाने वाढला की दुसरं पहिल्याच्या दहापट होतं, एकाने घटला की दहावा हिस्सा उरतो. तिन्ही जोड्यांना हाच नियम. म्हणजे शेजारच्या दोन रूपांचं गुणोत्तर काढायला फक्त वजाबाकी लागते:

```
पुढचं रूप / मागचं रूप = 10^(pH - pK)
```

पाठ्यपुस्तकात यासाठी एक लांब सूत्र असतं. त्याच्या छेदात `[H]^3 + K1[H]^2 + K1K2[H] + K1K2K3` आणि अंशात त्यातलं एकेक पद. सूत्र अचूक आहे आणि उत्तरही तेच येतं. पण हाताने करायला गेलं की १० च्या उणे चोवीसाव्या घातासारख्या संख्या हाताळाव्या लागतात, आणि एक शून्य इकडचं तिकडे झालं तरी लक्षात येत नाही. मी गुणोत्तरांचीच वाट धरतो. तिच्यात चूक झाली तर ती डोळ्यांना दिसते.

उदाहरणाचं पाणी

समजा, बोअरच्या पाण्याचा अहवाल असा आहे: कॅल्शियम ८० मिलिग्रॅम प्रतिलिटर, विद्युतवाहकता १.० डेसीसायमन्स प्रतिमीटर, बायकार्बोनेटही भरपूर. या पाण्यात दर हजार लिटरला ११५ ग्रॅम १२:६१:०० मिसळलंय. या खताचा रेणुभार ११५ असल्यामुळे फॉस्फेटची एकूण तीव्रता १ मिलिमोल प्रतिलिटर होते, आणि ८० मिलिग्रॅम कॅल्शियम म्हणजे २ मिलिमोल. हिशोब सुटसुटीत राहावा म्हणून मुद्दाम असे आकडे घेतलेत.

आता सामू. इथे एक गोष्ट नीट पाळायची: खत मिसळल्यानंतरचा सामू घ्यायचा, अहवालातला नाही. खतातलं H2PO4⁻ बायकार्बोनेटला हायड्रोजन देतं, त्यातून कार्बन डायऑक्साइड तयार होतो आणि सामू खाली येतो. बंद नळीत तो वायू पाण्यातच राहतो, म्हणून सामूही खालीच राहतो. ड्रिपरमधून थेंब बाहेर पडला की वायू उडतो आणि सामू पुन्हा चढतो. थर नळीत आतवर न बसता तोंडाशी जास्त का बसतो, याचं मोठं कारण हेच. म्हणून ड्रिपरखाली वाटी धरून दोन वाचनं घ्यावीत: एक लगेच, दुसरं पाणी उघड्यावर तासभर ठेवून. हिशोबाला दुसरं घ्यायचं, कारण वाईट परिस्थिती तीच असते. आपल्या उदाहरणात ते ७.८ आलं असं धरू.

वाटे काढणं

सामू ७.८ हा pK2 च्या सगळ्यात जवळ आहे, म्हणून त्या जोडीतलं मागचं रूप, म्हणजे H2PO4⁻, आधार धरायचं आणि त्याला १ म्हणायचं. बाकीचे त्याच्या तुलनेत.

HPO4²⁻ साठी ७.८ वजा ७.२० म्हणजे ०.६०. दहाचा ०.६० वा घात ३.९८. म्हणजे HPO4²⁻ हे H2PO4⁻ च्या जवळजवळ चौपट आहे.

PO4³⁻ साठी ७.८ वजा १२.३५ म्हणजे उणे ४.५५. त्याचा घात सुमारे ०.००००२८. पण हे गुणोत्तर HPO4²⁻ शी आहे, आधाराशी नाही, म्हणून ३.९८ ने गुणायचं: ०.०००११. हा गुणाकार विसरणं ही फार सामान्य चूक आहे.

H3PO4 मागच्या बाजूला आहे, म्हणून इथे उलटं जायचं: २.१५ वजा ७.८ म्हणजे उणे ५.६५, आणि त्याचा घात साधारण ०.०००००२.

बेरीज केली तर ४.९८. प्रत्येकाला या बेरजेने भागलं की वाटे मिळतात: H2PO4⁻ २०.१ टक्के, HPO4²⁻ ७९.९ टक्के, उरलेली दोन मिळून टक्क्याच्या शंभराव्या भागाहूनही कमी.

दोन रूपंच हिशोबात उरली, हा योगायोग नाही. तिन्ही pK एकमेकांपासून पाच-पाच एककं लांब आहेत, त्यामुळे कोणत्याही सामूला जास्तीत जास्त दोन शेजारी मोठे असतात. सामू ५ ते ९ च्या दरम्यान असेल तर फक्त pK2 घेऊन काम भागतं. PO4³⁻ ला शेतीच्या पाण्यात जागाच नाही. म्हणून कुणी पाण्यात ‘फॉस्फेट आयन इतका’ म्हणून PO4³⁻ ची तीव्रता सांगितली, तर तो बहुधा एकूण फॉस्फरस त्या रूपात लिहिलेला असतो. अहवालातली ती पद्धत आहे, रसायन नव्हे.

हेच तक्त्याच्या प्रोग्रॅममध्ये एकदा बसवून ठेवलं की सामू बदलून लगेच वाटे पाहता येतात:

```
B1: 7.8
B2: 2.15
B3: 7.20
B4: 12.35
B6: =10^(B2-B1)
B7: 1
B8: =10^(B1-B3)
B9: =B8*10^(B1-B4)
B10: =SUM(B6:B9)
C6: =B6/$B$10
```

C6 खाली C9 पर्यंत ओढायचं. B6 ते B9 म्हणजे अनुक्रमे H3PO4, H2PO4⁻, HPO4²⁻ आणि PO4³⁻. तपासणी सोपी आहे: B1 मध्ये 7.20 टाका, C7 आणि C8 दोन्ही ०.५० आले पाहिजेत. मग 2.15 टाका, C6 आणि C7 सारखे आले पाहिजेत. B6 मध्ये वजाबाकी उलटी झाली असेल तर चारही वाट्यांची बेरीज तरीही १ येते, म्हणून नुसत्या बेरजेवर विसंबू नका.

क्षारांची दुरुस्ती, आणि ६.८६ ची पुडी

इथपर्यंतचा हिशोब परीक्षेच्या पेपरात चालतो. बोअरच्या पाण्यात मात्र इतर क्षार विरघळलेले असतात. त्यांच्या गर्दीत दोन भार असलेल्या आयनाची सक्रियता, म्हणजे प्रत्यक्ष प्रभावी तीव्रता, एका भाराच्या आयनापेक्षा जास्त घटते. परिणाम असा की HPO4²⁻ तयार होणं सोपं जातं आणि व्यवहारातला pK2 खाली सरकतो.

हे खरंच घडतं का, ते बघायला प्रयोगशाळेत जायची गरज नाही. सामूमापकाचं कॅलिब्रेशन करायला ६.८६ ची पुडी मिळते ना, ते द्रावण म्हणजे KH2PO4 आणि Na2HPO4 समसमान, प्रत्येकी ०.०२५ मोल. दोन्ही रूपं सारखी, म्हणजे साध्या नियमाप्रमाणे सामू ७.२० यायला हवा. २५ अंशाला तो ६.८६५ असतो. तो जो तिसरा हिस्सा एककाचा फरक आहे, तो सगळा क्षारांचा. कॅलिब्रेशन रोज करणाऱ्यांच्या डोळ्यांसमोरून हा पुरावा रोज जातो, पण पुडीवरच्या आकड्याकडे कुणी या नजरेने बघत नाही.

दुरुस्ती करायला आधी आयनी तीव्रता I लागते. विद्युतवाहकता मायक्रोसायमन्समध्ये घेऊन ०.००००१६ ने गुणली की कामापुरती मिळते. आपल्या पाण्याची १००० मायक्रोसायमन्स, म्हणून I = ०.०१६. मग डेव्हिसच्या सूत्राने:

```
f = sqrt(I)/(1+sqrt(I)) - 0.3*I
pK1' = 2.15  - 0.51*1*f
pK2' = 7.20  - 0.51*3*f
pK3' = 12.35 - 0.51*5*f
```

१, ३, ५ हे आकडे भारांच्या वर्गांमधल्या फरकातून येतात. आपल्या I साठी f येतो ०.१०७५, म्हणून pK2' = ७.०४. सूत्र पारखायचं असेल तर पुडीसाठी I = ०.१ घाला: pK2' येतो ६.८८. प्रत्यक्षातल्या ६.८६५ ला हे इतकं जवळ आहे की शेताच्या कामाला डोळे झाकून चालावं. I ०.५ च्या पुढे गेली, म्हणजे खताच्या टाकीतलं दाट द्रावण असेल, तर मात्र हे सूत्र वापरू नये.

आता ७.८ चा हिशोब पुन्हा: ७.८ वजा ७.०४ म्हणजे ०.७६, घात ५.७५. H2PO4⁻ १ भागिले ६.७५, म्हणजे १४.८ टक्के, HPO4²⁻ ८५.२ टक्के. दुरुस्तीने H2PO4⁻ चा वाटा वीसवरून पंधरावर आला. छोटी गोष्ट नाही ही.

खानदेशच्या उन्हाचं काय, हा प्रश्न साहजिक आहे. मे महिन्यात काळी नळी चटका लागेल इतकी तापते. पण pK2 वर तापमानाचा परिणाम फार थोडा आहे. २५ वरून ४० अंशांवर गेलं तरी फरक दुसऱ्या दशांशातच राहतो. मापकातली तापमानाची सोय मात्र चालू हवी, कारण ती इलेक्ट्रोडसाठी असते.

वाट्यावरून साका ओळखणं

कॅल्शियमसोबत सर्वांत आधी खाली बसू शकणारं क्षार म्हणून CaHPO4·2H2O, म्हणजे ब्रुशाइट, धरू. त्याचा विद्राव्यता गुणाकार २५ अंशाला सुमारे 2.6 × 10^-7. पाण्यात कॅल्शियम आणि HPO4²⁻ यांच्या सक्रियतांचा गुणाकार याहून वर गेला की साका बसण्याची परिस्थिती झाली.

दोन भाराच्या आयनाचा सक्रियता गुणक आपल्या पाण्यात डेव्हिसच्याच सूत्राने ०.६० येतो. कॅल्शियम ०.००२ गुणिले ०.६० म्हणजे ०.००१२. HPO4²⁻ चा वाटा ०.८५२, एकूण फॉस्फेट ०.००१ मोल, गुणिले ०.६०, म्हणजे ०.०००५१. दोघांचा गुणाकार 6.2 × 10^-7. मर्यादेच्या दुपटीहून जास्त. ड्रिपर तुंबला तर नवल काय?

आता सामू ६.० केला तर: ६.० वजा ७.०४ म्हणजे उणे १.०४, घात ०.०९१, HPO4²⁻ चा वाटा ८.४ टक्के. गुणाकार 6.1 × 10^-8. मर्यादेच्या चौथ्या हिश्शाच्या आत. कॅल्शियम तेवढंच, खत तेवढंच, बदलला फक्त वाटा.

मग सीमा नेमकी कुठे? उलटा हिशोब करायचा. गुणाकार बरोबर 2.6 × 10^-7 व्हायला HPO4²⁻ चा वाटा सुमारे ३५ टक्के लागतो. ३५ भागिले ६५ म्हणजे ०.५४, त्याचा लॉग उणे ०.२७, आणि ७.०४ मध्ये तो मिळवला की सामू ६.८ च्या आसपास.

पण शेतात खत असं हजार लिटरला ११५ ग्रॅमने क्वचितच जातं. अर्ध्या तासात व्हेंच्युरीतून सगळी मात्रा ओढली जाते, आणि तेवढ्या वेळापुरती नळीतली तीव्रता चौपट सहज होते. फॉस्फेट ४ मिलिमोल धरून तोच हिशोब केला तर चालण्याजोगा वाटा ३५ वरून ९ टक्क्यांवर येतो, आणि सीमेचा सामू ६.० वर उतरतो. ‘सामू साडेसहा ठेवा’ असा सरसकट सल्ला इथे फसतो. एकाला तो लागू पडतो, कारण तो खत तीन तास हळूहळू सोडतो. दुसऱ्याला पडत नाही, कारण त्याची वीज आठवड्यातून काही दिवस रात्रीच येते आणि त्याला सगळं घाईत उरकायचं असतं. सामू खाली आणणं जमत नसेल, तर तेच खत जास्त पाण्यात विभागून सोडणं हा तितकाच खरा उपाय आहे.

हिशोब कुठे कमी पडतो

हा हिशोब वाटे सांगतो, आम्ल किती लागेल ते सांगत नाही. ते पाण्यातलं बायकार्बोनेट ठरवतं, आणि त्यासाठी बादलीभर पाण्यात थेंबाथेंबाने आम्ल घालून सामू मोजणं हाच भरवशाचा मार्ग. आम्ल नेहमी पाण्यात घालायचं, पाणी आम्लात कधीच नाही.

ब्रुशाइटची सीमा ओलांडली नाही म्हणजे कायमची सुटका, असंही नाही. कॅल्शियम फॉस्फेटची त्याहून कमी विद्राव्य रूपं आहेत, हायड्रॉक्सीअपॅटाइट त्यातलं टोकाचं. ती सावकाश बनतात, म्हणून नळीतून जाणाऱ्या पाण्यात सहसा अडचण करत नाहीत. खत सोडून झाल्यावर नळीत पाणी तसंच रात्रभर राहिलं तर करू शकतात. शेवटची पंधरा-वीस मिनिटं साधं पाणी सोडण्याचा रिवाज त्यासाठीच आहे. उलट बाजूने, थोडं कॅल्शियम HPO4²⁻ शी विरघळलेल्या जोडीच्या रूपात अडकतं आणि ते आपण मोजलेलं नाही, त्यामुळे आपला गुणाकार थोडा जास्त येतो. म्हणजे आपली चूक सावधपणाच्या बाजूची आहे.

सामूमापकाची चूक मात्र कोणत्याही बाजूची असू शकते. सामू ७ च्या आसपास ०.२ ची चूक झाली तर वाटा अकरा-बारा टक्क्यांनी हलतो. तेव्हा हिशोबात तिसरा दशांश शोधत बसण्याआधी ४ आणि ६.८६ च्या द्रावणांनी मापक जुळवून घ्या. पट्टीच्या रंगावरून सामू वाचून हा हिशोब करण्यात अर्थ नाही.

आणखी एक प्रश्न मला हमखास येतो: ‘भाऊ, मी तर फॉस्फरिक आम्लानेच लाइन धुतो, मग साका बसलाच कसा?’ धुताना सामू ३ च्या आत असतो. तिथे हिशोब घातला तर सामू २.५ ला H3PO4 ३१ टक्के, H2PO4⁻ ६९ टक्के, आणि HPO4²⁻ जवळजवळ शून्य. त्या वेळी काहीही बसत नाही, उलट जुना कार्बोनेटचा थर विरघळतो. गडबड होते ती आम्ल बंद केल्यावर. मागून जड पाणी येतं, आम्लाचं शेपूट त्यात मिसळतं, सामू ३ वरून ७ च्या पुढे चढतो आणि जाता जाता HPO4²⁻ चा वाटा शून्यावरून निम्म्यापर्यंत पोहोचतो. फॉस्फेट अजून नळीत आहे, कॅल्शियम ताजं आलंय. म्हणून धुऊन झालेलं पाणी एंड कॅप उघडून जोरात बाहेर काढायचं, ड्रिपरमधून हळूहळू झिरपू द्यायचं नाही. पाणी फारच जड असेल तर धुण्यासाठी फॉस्फरिकऐवजी सल्फ्युरिक किंवा नायट्रिक आम्ल वापरलेलं बरं. त्यात HPO4²⁻ चा प्रश्नच येत नाही.